सुटलेल्या नमाजेचा हिशेब

इसवी सन 628, हिजरी सन 7. खैबरची मोहीम आटोपून प्रेषित मुहम्मद (स.) साथीदारांसह मदीनेकडे परतत होते. रात्रभराच्या प्रवासाने माणसे आणि जनावरे थकली, तेव्हा उत्तररात्री एका ठिकाणी मुक्काम करायचे ठरले. पहाटेची नमाज चुकू नये म्हणून जागे राहण्याचे काम हजरत बिलाल यांच्याकडे देण्यात आले. बिलाल बराच वेळ एकटेच नमाज पढत राहिले. पहाट जवळ आली तसे ते आपल्या सवारीला पाठ टेकून, उजाडण्याच्या दिशेला तोंड करून बसले, आणि बसल्या बसल्याच त्यांचा डोळा लागला. अंगावर ऊन आले तेव्हा कुठे काफिल्याला जाग आली. सर्वांत आधी प्रेषित उठले. त्यांनी बिलालना विचारले तेव्हा बिलाल एवढेच म्हणाले, की ज्या झोपेने आपल्याला गाठले तिनेच मलाही गाठले.

प्रेषितांनी कोणाला शिक्षा केली नाही. सवाऱ्या थोड्या पुढे न्यायला सांगितले. मग सगळ्यांनी वजू केला, बिलाल यांनी इकामत दिली आणि सूर्य वर आलेला असताना फजरची नमाज जमातीने पढली गेली. नमाजेनंतर त्यांनी एक नियम सांगितला. जो नमाज विसरेल त्याने आठवताच ती पढावी. दुसऱ्या एका कथनात झोपेचाही उल्लेख आहे आणि सुटलेल्या नमाजेला याखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असेही म्हटले आहे. हा प्रसंग आणि त्याला जोडून आलेली वचने इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त आणि 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहात आहेत. सुटलेल्या नमाजेविषयी इस्लामी धर्मशास्त्रात पुढे जी चर्चा झाली तिचा मोठा भाग या एका सकाळीपासून सुरू होतो.

गुन्हा वेगळा, देणे वेगळे

दिवसाच्या पाच नमाजांपैकी प्रत्येकीला स्वतःची वेळ आहे. फजर पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंत, जोहर दुपार कलल्यानंतर, असर तिसऱ्या प्रहरी, मगरिब सूर्यास्तानंतर आणि इशा रात्री. वेळेत पढलेली नमाज 'अदा' आणि वेळ टळल्यावर पढलेली 'कजा'. कजा पढताना नमाज बदलत नाही. फजरच्या दोन रकात दोनच राहतात, जोहर, असर आणि इशाच्या चार चारच राहतात, मगरिबच्या तीन तीनच. फर्ज तेवढे भरून द्यायचे असते. हनफी पंथात इशानंतरची तीन रकात वित्र वाजिब मानली जाते, म्हणून तिचीही कजा करावी लागते. एका पूर्ण दिवसाची कजा अशी सतरा अधिक तीन, म्हणजे वीस रकातींची होते.

फर्जाच्या आधीच्या किंवा नंतरच्या सुन्नत नमाजांची कजा हनफी पंथात नसते. याला एक अपवाद आहे. फजर सुटली आणि त्याच दिवशी दुपार कलण्याआधी तिची कजा केली, तर फर्जाआधीच्या दोन सुन्नतही पढल्या जातात. त्या सकाळीही फर्जाआधी दोन रकात पढल्याचे हदीसमध्ये आले आहे.

झोपेत नमाज सुटली तर दोष कोणाचा, या प्रश्नाला धर्मशास्त्रज्ञांनी, म्हणजे फकीहांनी, दोन प्रश्नांत फोडले. माणूस गुन्हेगार ठरतो का, हा पहिला प्रश्न. त्याच्या डोक्यावर देणे राहते का, हा दुसरा. झोपलेल्याने जागे होईपर्यंत त्याच्या कर्मांची नोंद होत नाही, अशा अर्थाची हदीस प्रसिद्ध आहे. अजाण मूल आणि वेडसर माणूस यांनाही तिच्यात हीच सवलत आहे. त्यामुळे गुन्हा उरत नाही. देणे मात्र उरते. झोप किंवा विसर पाप पुसतो, नमाज पुसत नाही, यावर चारही सुन्नी पंथांचे एकमत आहे. कजा पढणाऱ्या माणसाकडे समाजाने कसे पाहावे तेही यातूनच कळते. झोपेमुळे फजर चुकलेला माणूस नऊ वाजता नमाज पढत असेल, तर तो शिक्षा भोगत नसतो. जे देणे आहे तेवढे तो चुकते करत असतो.

कोणती झोप माफ?

प्रत्येक झोप मात्र सारखी नसते. झोपेत हलगर्जी नसते, हलगर्जी जागेपणी होते, असे प्रेषितांचे आणखी एक वचन आहे. फकीहांनी याच वचनाला धरून प्रश्न विचारला की माणूस झोपला तेव्हा, म्हणजे शेवटच्या जागेपणी, त्याने काय केले.

नमाजेची वेळ लागण्यापूर्वी कोणी झोपला आणि वेळ टळून गेल्यावर उठला, तर अनेक फकीह त्याला दोष देत नाहीत, कारण झोपताना ती नमाज त्याच्यावर आलेलीच नव्हती. वेळ सुरू झाली आहे, आता आडवे झालो तर जाग येणार नाही हे कळते आहे, उठवणारे कोणी नाही, आणि तरी माणूस झोपला, तर तो झोपेची सबब सांगू शकत नाही. त्याने कोणाला उठवायला सांगितले असेल, आजच्या भाषेत गजर लावला असेल, आणि तरीही जाग आली नसेल, तर तो सुटला. खैबरहून परतताना नेमके हेच झाले होते. जागे राहायला एक माणूस नेमला होता. व्यवस्था केली होती, ती अपुरी पडली. इशा पढण्याआधी झोपणे प्रेषितांना आवडत नसे, ही हदीसही फकीह याच संदर्भात सांगतात.

चांगल्या कामासाठी जागरण केले तर काय, हाही प्रश्न आला. 'मुवत्ता'त हजरत उमर यांची एक गोष्ट आहे. एका पहाटे त्यांना सुलैमान बिन अबी हस्मा हे मशिदीत दिसले नाहीत. बाजाराकडे जाताना वाटेत सुलैमान यांच्या आई शिफा भेटल्या. त्यांनी सांगितले की मुलगा रात्रभर नमाज पढत राहिला आणि शेवटी झोपेने त्याला गाठले. उमर म्हणाले, की रात्रभर उभे राहण्यापेक्षा फजरच्या जमातीत हजर राहणे मला अधिक प्रिय आहे. ऐच्छिक इबादतीने फर्ज बुडू नये, हा धडा त्यातून घेतला जातो. रमजानमध्ये किंवा शबे-बरातला रात्र जागवून फजरला अंथरुणावर असणाऱ्यांसाठी तो आजही तितकाच लागू आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला सफवान बिन मुअत्तल यांची हकीकत आहे. ती अबू दाऊद यांच्या संग्रहात येते. सफवान यांच्या पत्नीने प्रेषितांकडे ज्या तक्रारी नेल्या त्यांत एक अशी होती, की नवरा सूर्य उगवेपर्यंत फजर पढत नाही. सफवान तिथेच होते. त्यांनी सांगितले की आमचे घराणेच गाढ झोपेचे म्हणून ओळखले जाते, सूर्य उगवेपर्यंत आम्हाला जागच येत नाही. प्रेषितांनी त्यांना सांगितले, की जाग येईल तेव्हा पढत जा. व्याख्याकारांनी या उत्तराचा फार जपून अर्थ लावला आहे. ज्याच्या शरीराचीच अशी घडण आहे आणि ज्याला उठवणारे कोणी नाही, त्याच्यासाठी ही सूट आहे. रात्री दोनपर्यंत मोबाइल पाहत बसणाऱ्याला सफवान यांचे नाव पुढे करता येणार नाही.

झोपेपलीकडे बेशुद्धी येते, आणि तिथे पंथ वेगळे होतात. हनफी पंथात बेशुद्धी एका दिवस-रात्रीपलीकडे गेली, पाचाहून अधिक नमाजा सुटल्या, तर त्यांची कजा राहत नाही. त्याहून कमी असतील तर करावी लागते. शाफई आणि मालिकी पंथांत ज्या नमाजेची पूर्ण वेळ बेशुद्धीत गेली तिची कजा नाही. हंबली बेशुद्धीला झोपेसारखेच धरतात आणि सगळी कजा करायला सांगतात. ज्यांच्या घरचे माणूस अतिदक्षता विभागातून परत आले आहे, त्यांना हा फरक माहीत असणे फार गरजेचे आहे. आधीच खचलेल्या रुग्णावर त्याच्या पंथाने न टाकलेले ओझे घरच्यांनी टाकू नये.

खंदकाच्या काठावर

झोपेचा प्रश्न खैबरच्या वाटेवर सुटला, क्रमाचा प्रश्न त्याआधीच उभा राहिला होता. 627 मध्ये मदीनेला वेढा पडला. शहराच्या रक्षणासाठी खंदक खोदलेला होता आणि त्याच्या काठावर दिवसभर लढाई चालू होती. सूर्य मावळल्यावर हजरत उमर संतापून आले. सूर्य बुडता बुडता कशीबशी असर पढता आली, असे ते म्हणाले. आपली तर असर झालेलीच नाही, असे प्रेषितांनी सांगितले. मग सगळे बुतहान नावाच्या ओढ्याकडे गेले, वजू केला, सूर्यास्तानंतर आधी असर पढली आणि मग मगरिब. बुखारी यांनी हा प्रसंग नोंदवला आहे. चार नमाजा सुटल्या आणि त्या जोहरपासून इशापर्यंत ओळीने पढल्या, असेही एक कथन तिर्मिजी यांच्याकडे आहे, पण त्या कथनाच्या साखळीत खंड असल्याचे त्यांनीच नमूद केले आहे.

प्रेषितांनी आधी सुटलेली आणि मग चालू नमाज पढली, याबद्दल वाद नाही. ती सक्ती होती की चांगली पद्धत होती, एवढाच वाद आहे. इथून चार वाटा फुटतात.

इमाम अबू हनीफा (निधन 767) यांच्या पंथात क्रम, म्हणजे तरतीब, वाजिब आहे. सुटलेल्या नमाजा सहापेक्षा कमी असतील तर त्या आधी, चालू नमाज नंतर, आणि सुटलेल्याही आपापल्या क्रमाने. अशा माणसाला 'साहिब-ए-तरतीब' म्हणतात. त्याच्यावरून ही सक्ती तीन कारणांनी उठते. चालू नमाजेची वेळ इतकी कमी उरली की आधी कजा पढली तर तीही जाईल, हे पहिले कारण. सुटलेली नमाज आठवलीच नाही, हे दुसरे. सुटलेल्या नमाजा सहा झाल्या, हे तिसरे.

इमाम मालिक (निधन 795) यांच्या पंथात थोड्या सुटलेल्या नमाजा, चार किंवा पाच, चालू नमाजेच्या आधीच पढायच्या, मग चालू नमाजेची वेळ गेली तरी चालेल. इमाम अहमद बिन हंबल (निधन 855) यांच्या पंथात सुटलेल्या नमाजा कितीही असोत, क्रम पाळायचा. विसर पडला किंवा चालू नमाजेची वेळ टळण्याची भीती असली, तरच तो सुटतो.

इमाम शाफई (निधन 820) यांनी वेगळी भूमिका घेतली. त्यांच्या मते क्रम पाळणे उत्तम, पण बंधनकारक नाही. नमाजांचा क्रम त्यांच्या वेळांमुळे येतो. वेळच निघून गेली तर मागे उरते ते सुटे सुटे देणे. रमजानचे चुकलेले रोजे पुढे कोणत्याही क्रमाने धरले तरी पुरे होतात, तसेच हे. खंदकाच्या काठची कृती शाफई फकीह नाकारत नाहीत. तिच्यातून आदर्श मिळतो, सक्ती सिद्ध होत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. हनफी आणि हंबली उलट विचारतात, की ज्यांना पाहून नमाज शिकायची त्यांनीच क्रम पाळला, तर आपण तो ऐच्छिक कसा मानायचा?

एका खोलीतले दोघे

महाराष्ट्रात हा मतभेद ग्रंथापुरता राहत नाही. राज्यातले बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत, पण कोकणी मुसलमान शाफई आहेत. माहीमचे सूफी विद्वान मखदूम अली माहिमी (1372–1431) हेही शाफई होते. मुंबईत हे दोन्ही पंथ एकाच इमारतीत, एकाच मशिदीत, कधी एकाच घरात भेटतात.

समजा, मुंबईत एका खोलीत दोन तरुण राहतात. एक मराठवाड्यातला, हनफी. दुसरा रत्नागिरीकडचा, शाफई. दोघांच्याही डोक्यावर जुनी कजा नाही. सोमवारी रात्रपाळी करून आल्यावर गजर लावूनही त्यांची फजर झोपेत गेली. नऊला उठून दोघेही घाईघाईने बाहेर पडले आणि दुपारी मशिदीत जोहरच्या जमातीसाठी पोचले. जमात उभी राहत असतानाच दोघांना फजर आठवली.

हनफी तरुणाने बाजूला होऊन आधी फजरची कजा पढायला हवी, त्यात जमात हुकली तरी. जमात मिळणार नाही या भीतीने तरतीब सुटत नाही, वेळ टळण्याच्या भीतीने सुटते, आणि जोहरला अजून पुष्कळ वेळ आहे. शाफई तरुणानेही आधी फजर पढली तर उत्तमच, पण तो थेट जमातीत उभा राहिला तरी त्याची जोहर पूर्ण होते, फजर तो नंतर पढेल. बाहेरून पाहणाऱ्याला एक जण जमात सोडून एकटा उभा राहिलेला दिसतो आणि दुसरा सकाळची नमाज मागे ठेवून पुढे गेलेला. दोघेही आपापल्या पंथाप्रमाणे बरोबर आहेत.

आता समजा, फजर आठवली ती जोहरच्या दुसऱ्या रकातीत. शाफई तरुण जोहर पुरी करतो आणि मग फजर पढतो. हनफी तरुणाची ती जोहर फर्ज म्हणून उरत नाही, नफिल होते. त्याने फजर पढून जोहर पुन्हा पढायची. आणि दोघांनाही जोहरचा सलाम फिरवून झाल्यावर फजर आठवली असती, तर दोघांचेही काम एकच, फक्त फजरची कजा. हनफी पंथातही विसरून पुढे पढलेली नमाज वाया जात नाही.

आणखी एक वेळ येते, ती पहाटेची. रात्री इशा न पढताच झोप लागली आणि सूर्योदयाला मोजून पाच-सात मिनिटे असताना जाग आली. वजू करून फजरच्या दोन रकात तेवढ्या होतील. हनफी, शाफई आणि हंबली तिघेही सांगतात, की आधी फजर, कारण ती अजून जिवंत आहे. मालिकी मत याच्या उलट जाते. त्यात इशा आधी येते.

हनफी तरुणाने जोहरच्या वेळी फजर आठवूनही ती पढली नाही, टाळत राहिला, तर काय? 'हिदाया' या ग्रंथात या जातीच्या प्रश्नाची बारकाईने चर्चा आहे. मरगीनानी (निधन 1197) यांचा हा ग्रंथ भारतातल्या मदरशांत आजही शिकवला जातो. आपल्या तरुणाला ती लावून पाहू. त्याने सोमवारची जोहर, असर, मगरिब, इशा आणि मंगळवारची फजर पढली, सोमवारची फजर मात्र डोक्यावर तशीच. अबू हनीफांच्या मते या पाचही नमाजा अधांतरी राहतात. मंगळवारी सूर्य उगवण्याआधी त्याने सोमवारची फजर पढली, तर त्या पाचही नफिल ठरतात आणि पुन्हा पढाव्या लागतात. ती न पढताच मंगळवारचा सूर्य उगवला, तर मूळ एक आणि अधांतरी पाच मिळून सहा होतात, तरतीबची सक्ती उठते आणि त्या पाचही नमाजा खऱ्या ठरतात. मग उरते ती फक्त सोमवारची फजर. एकच नमाज पाच नमाजा बिघडवू शकते आणि एकच त्या सावरू शकते, असे हनफी फकीह म्हणत आले ते यामुळेच. त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांना हे पटले नाही. त्यांच्या मते क्रम मोडून पढलेल्या त्या पाचही नमाजा फासिदच राहतात, पुढे काहीही होवो.

उशीर करणाऱ्यालाच सूट मिळाली, असे वरवर वाटेल. पण कजा विनाकारण टाळण्याचा गुन्हा त्याच्याकडेच राहतो, तो या हिशेबाने मिटत नाही. सहाच्या आकड्यामागचे कारण साधे आहे. पाच नमाजांचे एक चक्र पूर्ण होऊन सहावीला तीच नमाज पुन्हा येते. तिथून ओझे 'पुष्कळ' मानले जाते, आणि पुष्कळ ओझ्यात क्रम सांभाळायला लावणे माणसाला अडचणीत टाकणारे आहे.

ऊन वर येईपर्यंत

जाग आली की लगेच पढायचे, तर खैबरच्या वाटेवर प्रेषितांनी आधी मुक्काम का हलवला? हनफी उत्तर असे, की सूर्य उगवत असताना, माथ्यावर असताना आणि मावळत असताना नमाज पढायला मनाई आहे आणि ती कजालाही लागू आहे. म्हणून सूर्य थोडा वर येऊ दिला. मावळतीला त्याच दिवसाची असर तेवढी चालते. शाफई म्हणतात, की मनाई आहे ती विनाकारण पढायच्या नफिल नमाजेला. आठवताच पढा या आदेशाने कजाला वाट मोकळी आहे. मुक्काम हलवण्याचे कारण हदीसमध्येच दिले आहे, त्या जागी सैतानाची हजेरी होती. शिवाय उन्हाच्या चटक्याने जाग आली, म्हणजे मनाईची वेळ तोवर टळूनही गेली असणार.

व्यवहारात याचा अर्थ असा. सूर्य नुकताच उगवतो आहे आणि जाग आली, तर कोकणातला शाफई माणूस उठून वजू करून लगेच फजरची कजा पढू शकतो. हनफी माणसाने थांबायचे. आपल्याकडच्या मशिदींतल्या वेळापत्रकात सूर्योदयानंतर साधारण पंधरा ते वीस मिनिटे सोडलेली असतात. फजर पढत असतानाच सूर्य उगवला, तर हनफी मताने ती पुन्हा पढावी लागते. शाफई मताने एक रकात सूर्योदयाआधी झाली असेल, तर नमाज वेळेत मिळाली.

वर्षानुवर्षांची कजा

झोप नाही, विसर नाही, माणसाने जाणूनबुजून वर्षानुवर्षे नमाज सोडली, तर चारही पंथांचे प्रचलित मत असे, की त्याला तौबाही करायची आहे आणि कजाही. झोपलेल्याला जर देणे माफ नाही, तर जागे राहून बुडवणाऱ्याला ते कसे माफ होईल, असा त्यांचा तर्क. अंदालुसियाचे इब्न हज्म (निधन 1064) यांनी तो धुडकावला. ईश्वराने नमाजेच्या वेळेला आरंभही दिला आहे आणि शेवटही. वेळेआधी पढलेली नमाज जशी नमाज होत नाही, तशीच सबब नसताना वेळेनंतर पढलेलीही होत नाही. झोपलेल्याला आणि विसरलेल्याला हदीसने वेगळी वेळ दिली, ती म्हणजे जाग येण्याची किंवा आठवण्याची. जाणूनबुजून सोडणाऱ्याला ती मिळालेली नाही. त्याने तौबा करावी आणि नफिल वाढवावी. पुढे इब्न तैमिया (निधन 1328) हेही याच बाजूला झुकले. हे मत सौम्य नाही. गेलेली नमाज परत मिळवण्याचा मार्गच ते बंद करते.

कजा करायची म्हटले की मोजदादीचा प्रश्न येतो. आकडा माहीत नसेल, तर आपल्या खात्रीला पटेल असा अंदाज धरायचा, कमी धरण्यापेक्षा थोडा जास्त बरा. एका दिवसाच्या वीस रकाती, म्हणजे एका वर्षाच्या सात हजारांवर होतात. प्रत्येक चालू नमाजेसोबत त्याच नावाची एक कजा पढत गेले, तर एका वर्षाची थकबाकी एका वर्षात फिटते. अशा माणसाला दिवस आणि तारखा आठवणे शक्य नसते, म्हणून हनफी मौलाना नियत अशी करायला सांगतात, की माझ्यावर बाकी असलेल्या फजरांपैकी सर्वांत पहिली मी पढतो. ती फिटली की पुढची आपोआप पहिली होते. क्रमाची सक्ती इथे नसते, कारण आकडा सहाच्या कितीतरी पुढे असतो. फेडत फेडत तो चार-पाचांवर आला, तरी हनफी पंथातल्या मान्य मतानुसार तरतीब परत लागू होत नाही. सगळे फिटल्यावरच माणूस नव्याने साहिब-ए-तरतीब होतो. एका दिवसातली एक नमाज सुटली हे नक्की आहे, पण कोणती ते आठवत नाही, असे झाले तर त्या दिवसाच्या पाचही पढायच्या, म्हणजे शंका उरत नाही.

रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी 'कजा-ए-उमरी' म्हणून काही रकात पढल्या की आयुष्यभराची कजा फिटते, असा समज आपल्याकडे अनेक ठिकाणी ऐकू येतो. त्याला हदीसचा आधार सांगितला जातो, पण मुल्ला अली कारी यांनी ती हदीस बनावट ठरवली आहे. लखनौच्या फिरंगी महलचे मौलाना अब्दुल हई (1848–1886) यांनी या शेवटच्या शुक्रवारच्या प्रथांविरुद्ध स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. चार रकातींनी चारच रकात फिटतात.

उद्या सकाळी सूर्य वर आल्यावर जाग आली, तर करायचे काम थोडक्यात असे. हनफी असाल तर सूर्योदयानंतरची मिनिटे सोडा, शाफई असाल तर तीही सोडायची गरज नाही. वजू करा, दोन सुन्नत आणि दोन फर्ज पढा, आणि जोहरच्या आधी मोकळे व्हा, म्हणजे क्रमाचा प्रश्नच उभा राहत नाही. शेजारचा कोणी वेगळ्या क्रमाने पढत असेल, तर त्याला टोकण्याआधी तो कोणत्या पंथाचा आहे ते विचारा. आणि मोठी थकबाकी असेल, तर शेवटच्या शुक्रवारची वाट न पाहता आजच्या इशासोबत एक जुनी इशा पढून सुरुवात करा.